घर भाडेकरार: उभयपक्षी मान्य अटी

दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे घर मालकांनी भाडेकरूस 11 महिन्यांसाठी केवळ राहण्याकरिता दिले आहे. भाडे दरमहा 5 तारखेपर्यंत बँक खात्यात भरावे.

अनामत: तीन महिन्यांच्या भाड्याइतकी बिनव्याजी रक्कम मालकांस पोचली. घराचा ताबा परत मिळताच थकीत भाडे, वीजबिल व नुकसानीचा पावतीनिशी खर्च वजा करून उरलेली रक्कम 15 दिवसांत परत करावी. रोजच्या वापराने फिकटलेला रंग हे नुकसान नव्हे; त्यापोटी कपात होणार नाही.

दुरुस्ती: छताची गळती, भिंतीतील वायरिंग व नळाच्या पाइपांची दुरुस्ती मालकांकडे. बल्ब, नळाची चकती, कुलपे भाडेकरूकडे. लेखी कळवूनही 7 दिवसांत मालकांनी काम न केल्यास भाडेकरूने ते करून घ्यावे व पावती देऊन खर्च पुढील भाड्यातून वळता करावा. स्नानगृहाच्या भिंतीस आज ओल आहे. तिची जबाबदारी भाडेकरूवर नाही.

लॉक-इन: पहिले 6 महिने दोघांवरही बंधनकारक. भाडेकरू आधी गेल्यास एक महिन्याचे भाडे अनामतीतून कापावे; मालकांनी घर रिकामे करण्यास सांगितल्यास तेवढीच रक्कम त्यांनी द्यावी. भाडे थकल्यास ही अट मालकांवर लागू नाही.

नोटीस: त्यानंतर कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी.