कन्साइनमेंट करार संपवणे, न विकलेली चित्रे परत मिळणे आणि विक्रीचा हिशेब पूर्ण करणे याबाबत

कोल्हापूर
28 एप्रिल 2025

प्रति,
मा. संचालिका,
काळा घोडा, मुंबई येथील आपल्या गॅलरीच्या पत्त्यावर
(ई-मेलने, तसेच पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने)

संदर्भ : 12 जून 2024 रोजी झालेला कन्साइनमेंट करार आणि 18 जून 2024 ची चित्रे पोचल्याची सहीशिक्क्याची यादी (एकूण 14 चित्रे)

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपल्यातला करार मी या पत्राने संपवत आहे. करारातल्या अकराव्या कलमाप्रमाणे दोघांपैकी कोणीही तीस दिवसांची लेखी सूचना देऊन तो संपवू शकतो. ही ती सूचना आहे. त्यानुसार 28 मे 2025 रोजी करार संपेल.

हे पत्र लिहिण्याआधी मी बरेच दिवस विचार केला. मुंबईत माझी चित्रे पहिल्यांदा भिंतीवर लागली ती आपल्यामुळे. गुऱ्हाळाची मालिका "एकत्रच लावायची, सुटी सुटी नाही" हा आग्रह आपलाच होता आणि तो बरोबर होता. त्याबद्दलची कृतज्ञता आजही तशीच आहे. पण जानेवारीपासून विकल्या गेलेल्या चित्रांचे पैसे आलेले नाहीत, हिशेब मागितला की "पुढच्या आठवड्यात" असे उत्तर येते, आणि मार्चनंतर तर फोनही उचलले गेले नाहीत. चित्रकार आणि गॅलरी यांचे नाते विश्वासावर चालते. चित्र घरातून निघाले की ते कुठे आहे, कोणी पाहिले, कितीला गेले, हे सगळे आम्हाला गॅलरीच्या शब्दावरूनच कळते. तो शब्द मिळणे थांबले, म्हणून मी थांबत आहे.

आता हिशेब. खालच्या सर्व किमती करारासोबतच्या यादीतल्या, जीएसटी वगळून आहेत. माझा वाटा साठ टक्के, आपला चाळीस.

"चुलवाण" (तैलरंग, 36 × 48 इंच) 1,40,000 रुपये आणि "काहील" (तैलरंग, 30 × 40 इंच) 95,000 रुपये ही दोन्ही चित्रे ऑक्टोबर 2024 मध्ये गेली. माझे 1,41,000 रुपये नोव्हेंबरमध्ये मिळाले. त्याबद्दल काही म्हणणे नाही.

"पंचगंगा, उन्हाळा" (तैलरंग, 24 × 36 इंच) 70,000 रुपयांना आणि "रंकाळ्यावरची थंडी" (जलरंग, 15 × 22 इंच) 28,000 रुपयांना 19 जानेवारी 2025 रोजी विकले गेले. माझा वाटा अनुक्रमे 42,000 आणि 16,800 रुपये. करारात विक्रीपासून पंचेचाळीस दिवसांची मुदत आहे, म्हणजे हे पैसे 5 मार्चपर्यंत यायला हवे होते.

"चैत्रातला डोंगर" (तैलरंग, 48 × 60 इंच) हे जोतिबाच्या यात्रेचे मोठे चित्र 8 मार्च रोजी विकल्याचे आपण व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेत. यादीतली किंमत 2,20,000, दहा टक्के सवलतीनंतर 1,98,000 रुपये. इतकी सवलत देण्याचा अधिकार करार आपल्याला देतो आणि ती दोघांनी निम्मी निम्मी सोसायची आहे. म्हणून माझ्या 1,32,000 मधून 11,000 वजा जाऊन 1,21,000 रुपये येणे आहेत. त्याची मुदत 22 एप्रिलला संपली.

या तीन चित्रांचे मिळून 1,79,800 रुपये होतात. पाच जलरंगांच्या फ्रेमिंगचा खर्च 18,000 रुपये झाला आणि त्यातला निम्मा माझा, हे मला मान्य आहे. ते 9,000 वजा करता 1,70,800 रुपये निव्वळ येणे राहतात. कृपया ही रक्कम 12 मे 2025 पर्यंत करारात नोंदवलेल्या खात्यातच जमा करावी. सोबत प्रत्येक विक्रीच्या बिलाची प्रत हवी आहे.

आपल्या व्यवस्थापकांनी फोनवर दरमहा 3,000 रुपये गोदामभाडे धरून आठ महिन्यांचे 24,000 रुपये कापण्याचे बोलून दाखवले होते. हे मला मान्य नाही. नवव्या कलमात जागा, प्रकाशयोजना, साठवण आणि विमा हे सगळे गॅलरीने करायचे असे स्पष्ट लिहिले आहे आणि त्यासाठीच कमिशन चाळीस टक्के ठरले. भाड्याचा एक शब्दही करारात नाही, त्याचे बिल मला कधी आलेले नाही.

एका चित्राची मला सर्वांत जास्त काळजी आहे. "उसाचा पाला" (तैलरंग, 24 × 24 इंच, किंमत 60,000 रुपये) 10 फेब्रुवारीला पुण्यातल्या एका ग्राहकांकडे पसंतीसाठी पाठवले, पंधरा दिवसांत कळेल, असे आपण लिहिले होते. अडीच महिने झाले. माल विक्री कायदा, 1930 च्या कलम 24 प्रमाणे पसंतीसाठी नेलेली वस्तू ठरलेल्या मुदतीत नाकारली नाही आणि ठेवून घेतली, तर ती घेतल्यासारखीच धरली जाते. तेव्हा यात दोनच गोष्टी होऊ शकतात. चित्र 12 मेपर्यंत गॅलरीत परत आणावे, नाहीतर ते विकले गेले असे मानून माझा 36,000 रुपयांचा वाटा वरच्या रकमेत मिळवावा. तसे झाल्यास एकूण येणे 2,06,800 रुपये होईल. चित्र कोणाच्या भिंतीवर आहे हे मला आजपर्यंत कळलेले नाही, ते या आठवड्यातच लेखी कळवावे.

उरलेली आठ चित्रे मला परत हवी आहेत. तैलरंगातली चार : "गुळव्या" (48 × 36), "जळव्या" (30 × 40), "चिपाडांचा ढीग" (24 × 36), "ढेपा" (24 × 24). जलरंगातली चार, सर्व 15 × 22 इंच, फ्रेमसह : "पंचगंगा घाट, सकाळ", "गंगावेस", "कट्ट्यावरची धार" आणि "पुराच्या खुणा".

यातले "गुळव्या" हे माझ्यासाठी विक्रीच्या यादीतले केवळ एक चित्र नाही. ज्यांचे ते चित्र आहे त्यांनी दोन हंगाम मला काहिलीच्या कडेला बसू दिले. रस कधी उकळीला येतो, मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा हे त्यांनी हाताने दाखवले, म्हणून त्या चित्रातले हात तसे आले. आता त्यांचे गुऱ्हाळ बंद आहे. चित्र विकले गेले नाही तर आधी त्यांच्या गावात लावेन, असा शब्द मी त्यांना दिला आहे.

चित्रे न्यायला मी स्वतः गुरुवार, 29 मे रोजी सकाळी अकरा वाजता टेम्पो घेऊन येईन. करार मी संपवत असल्याने वाहतुकीचा खर्च माझा, पॅकिंग मात्र करारानुसार गॅलरीचे. तारीख पुढे ढकलू नये ही विनंती आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईत पाऊस सुरू होतो आणि दमट हवेत जलरंगांच्या कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. "पुराच्या खुणा"च्या आपण फेब्रुवारीत पाठवलेल्या फोटोत खालच्या डाव्या कोपऱ्यात तपकिरी ठिपके दिसत आहेत. जून 2024 मध्ये आपल्याच माणसांनी केलेल्या स्थितीच्या नोंदीत ते नाहीत. ही चारही जलरंगचित्रे आजच भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, कोरड्या जागी हलवावीत. पुसायचा किंवा फ्रेम उघडायचा प्रयत्न कोणी करू नये.

पॅकिंगबद्दल एक सांगते, कारण मागे एका प्रदर्शनाहून परत आलेल्या चित्राचे यात नुकसान झालेले मी पाहिले आहे. गुऱ्हाळाच्या चित्रांवर सुरीने लावलेले रंगाचे जाड थर आहेत. बबल रॅप थेट रंगावर आला तर त्याचे फुगे थरावर उमटतात, उन्हात टेम्पो तापला की चिकटतातही. आधी ग्लासीन कागद, मग बबल रॅप आणि त्याचे फुगे बाहेरच्या बाजूला, कोपऱ्यांना जाड पुठ्ठा. कॅनव्हास रोल करू नयेत, जाड थराला तडे जातील. पॅकिंग मी आल्यावरच करावे, म्हणजे आधी प्रत्येक चित्र उजेडात पाहून, जूनच्या यादीशी ताडून, दोघांनी सह्या करता येतील. तोपर्यंत विमा चालू ठेवावा.

हे पत्र मिळाल्यापासून या नऊ चित्रांपैकी कोणतेही नव्याने कोणाला देऊ करू नये. एखाद्या ग्राहकाशी आधीच बोलणे पक्के होत आले असेल तर 5 मेपर्यंत नाव आणि किमतीसह कळवा. व्यवहार योग्य असेल तर मी अडवणार नाही आणि त्यावर आपले कमिशनही ठरल्याप्रमाणेच राहील. 28 मेनंतर वेबसाइटवरून आणि सोशल मीडियावरून न विकलेल्या चित्रांचे विक्रीसाठीचे फोटो काढावेत. विकलेल्या पाच चित्रांचेही कॉपीराइट माझ्याकडेच आहे. त्यांच्या प्रिंट, कॅलेंडर किंवा कार्डे माझ्या लेखी परवानगीशिवाय होऊ नयेत. पाचही ग्राहकांची नावे आणि संपर्क मला करारातल्या तेराव्या कलमानुसार हवे आहेत. माझ्या कामाची नोंदवही त्याशिवाय अपुरी राहते, आणि उद्या कोणाला चित्राच्या अस्सलपणाचा दाखला हवा असेल तर तो मलाच द्यायचा आहे.

कायद्याची भाषा मला आपल्याशी बोलायची नव्हती. तरी माझी बाजू नीट नोंदलेली असावी म्हणून लिहिते. चित्र विकले जाईपर्यंत त्याची मालकी माझी, आणि विकल्यावर माझ्या वाट्याचा पैसाही माझाच. तो आपल्याकडे फक्त माझ्या वतीने आलेला असतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 213 आणि 218 नुसार मागणी केल्यावर हिशेब देणे आणि जमा झालेली रक्कम सुपूर्द करणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य आहे. ठेवायला दिलेली वस्तू मुदत संपताच परत करण्याबद्दल कलम 160 आणि वेळेत परत न केल्यास होणाऱ्या नुकसानीच्या जबाबदारीबद्दल कलम 161 आहे. आपले कमिशन आणि फ्रेमिंगचा खर्च वरच्या हिशेबात आधीच वजा केला आहे. म्हणजे माझ्याकडून आपले काहीही येणे नाही, आणि त्या कारणाने चित्रे अडवून ठेवता येणार नाहीत.

12 मेपर्यंत पैसे आणि लेखी हिशेब मिळाला तर उशिराबद्दलचे व्याज मी मागणार नाही. न मिळाल्यास वकिलांमार्फत रीतसर नोटीस पाठवावी लागेल, आणि तेव्हा व्याजासह मागणी करेन. आकड्यांत काही फरक वाटत असेल तर फोन नको, ई-मेलने कोणत्या चित्राबद्दल आणि किती हे लिहा. मी त्याच दिवशी उत्तर देईन.

29 मेची वेळ पक्की असल्याचे 5 मेपर्यंत कळवावे. टेम्पो त्याआधी ठरवावा लागतो.

आपली,
वैशाली
(चित्रकार)

सोबत :
1. कराराची प्रत
2. चित्रे पोचल्याची सहीशिक्क्याची यादी आणि स्थितीची नोंद, 18 जून 2024
3. विक्री कळवणाऱ्या आणि "उसाचा पाला"बद्दलच्या संदेशांच्या छापील प्रती
4. "पुराच्या खुणा"चे दोन फोटो, जून 2024 आणि फेब्रुवारी 2025
5. बँकेच्या खातेपुस्तिकेचे नोव्हेंबर 2024 ते एप्रिल 2025 चे पान