आकडा छेदातही असतो

व्यासपीठावरील संस्थेचे अध्यक्ष, सरपंच, माजी विद्यार्थी, पालक, माझे सहकारी आणि मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बसलेल्या मुलांनो,

तुम्हाला नाच बघायचेत, हे मला कळतं. पडद्यामागून लेझीमचा आवाजही येतोय. म्हणून फक्त दहावीच्या निकालावर बोलते आणि बसते.

२०२३ साली आपले ५८ विद्यार्थी परीक्षेला बसले, ४१ उत्तीर्ण झाले. ७०.६९ टक्के. त्या वर्षी राज्याचा निकाल ९३.८३ होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पारावरून जाताना मी मान वर केली नव्हती. २०२४ ला ६१ पैकी ५१, म्हणजे ८३.६१ टक्के. आणि २०२५ ला ६४ पैकी ६०, ९३.७५ टक्के. टाळ्या जरा थांबवा. राज्याचा निकाल तेव्हा ९४.१० होता, म्हणजे आपण अजून राज्याच्या मागेच आहोत, केसभर का होईना.

निकाल वाढवायची एक सोपी वाट असते. कच्ची मुलं नववीतच अडवायची, नाहीतर पालकाला बोलावून सांगायचं, 'याला १७ नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसू दे.' छेद लहान झाला की टक्का आपोआप मोठा होतो. मलाही हा सल्ला मिळाला होता, आणि तो देणारी माणसं वाईट नव्हती. पण आपले आकडे पुन्हा बघा: ५८, ६१, ६४. एकही मूल आपण बाहेर काढलेलं नाही.

मग केलं काय? २०२३ च्या सतरा नापासांपैकी अकरा जण गणितात गेले होते. शिक्षकांनी आपसांत वर्गणी काढून बोर्डाकडून त्यांच्या उत्तरपत्रिकांच्या छायांकित प्रती मागवल्या. स्टाफरूममध्ये टेबलावर त्या पसरल्या, तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. आम्हाला वाटलं होतं चुका दिसतील. दिसली कोरी पानं. गणित भाग दोनमधला रचनेचा प्रश्न, जो वर्गात आमची निम्मी मुलं डोळे मिटून सोडवतात, तो अकरापैकी नऊ जणांनी हातच लावलेला नव्हता. एकाला विचारलं, 'का रे?' तो म्हणाला, 'बाई, कंपास ढिला होता. वर्तुळ मिटतच नव्हतं.'

तीन वर्षांतलं सगळ्यात मोठं शिक्षण मला त्या वाक्याने दिलं. मुलगा वर्षभर शिकला आणि स्क्रूने नापास झाला! तेव्हापासून परीक्षेआधी गणिताचे सर प्रत्येकाचा कंपास हातात घेऊन तपासतात, ढिला असेल तर खिळीला दोरा गुंडाळून घट्ट करतात. शाळेने तीस कंपास घेऊन ठेवलेत. आणि रोज एक प्रश्न घड्याळ लावून, पेन खाली न ठेवता, कोरं पान न सोडता. बस, एवढंच. जादू नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या घरातली आहे. दिवाळी झाली की आपली निम्मी वाडी कोयता घेऊन कारखान्यावर जाते. मूल तिकडे गेलं की नोव्हेंबर ते मार्च वर्ग बुडतो, आणि परीक्षा नेमकी त्यातच. आज्यांनो, हा निकाल निम्मा तुमचा आहे. २०२४ पासून दहावीची मुलं तुम्ही मागे ठेवून घेतलीत, चुलीवर भाकरी टाकून त्यांना रात्री अभ्यासिकेला पाठवलंत. शिपाई मामांनी रात्री नऊपर्यंत दार उघडं ठेवलं, लाइट गेली तर इन्व्हर्टर लावला. वर्गात शिकवणं आमचं काम होतं, ते केलं. त्याचं कौतुक नको.

गेल्या वर्षी राहिलेल्या चौघांपैकी दोघी जून-जुलैच्या पुरवणीत उत्तीर्ण झाल्या, आज त्या आयटीआयला आहेत. एक मुलगा गॅरेजवर आहे, तो येत्या परीक्षेला पुन्हा बसतोय. चौथ्याच्या घरी मी दोनदा जाऊन आले. दार बंद होतं. तो कुठे आहे, हे कुणाला माहीत असेल तर कार्यक्रम संपल्यावर मला भेटा.

यंदा ६७ मुलं बसणार आहेत. त्यातली नऊ आत्ता फडात आहेत. पालकांनो, त्यांच्या मुकादमाचे नंबर तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. उद्या सकाळी ते ऑफिसात आणून द्या. उचल फिटलेली नाही, ही अडचण मला माहीत आहे. मुकादमाशी मी स्वतः बोलते. मूल पूर्वपरीक्षेला तरी इथे असलं पाहिजे.

संमेलनामुळे अभ्यासिका आज बंद आहे. उद्या संध्याकाळी सातला उघडेल. दहावीवाल्यांनो, लेझीम खेळून पाय दुखले तरी यायचं, आणि येताना कंपास आणायचा.

चला, पडदा उघडा.