सूचनापत्र: वर्गात झालेली किरकोळ दुखापत आणि पुढची काळजी

दिनांक: ९ डिसेंबर २०२५, मंगळवार
प्रति: हजेरी क्रमांक १७, इयत्ता पाचवी 'ब', यांचे पालक

सप्रेम नमस्कार,

आज सकाळी आपल्या मुलाच्या आईंशी फोनवर बोलणे झालेच आहे. घाईत सगळे सांगता येत नाही आणि ऐकणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही, म्हणून हे लेखी कळवत आहोत. कृपया आज घरात जे जे त्याच्याजवळ असतील, त्या सर्वांनी हे वाचावे.

काय झाले: चित्रकलेच्या तासाला, ११ वाजून १० मिनिटांनी, तो पाण्याचा मग भरून जागेवर परतत होता. दुसऱ्या व तिसऱ्या बाकाच्या मध्ये पाणी सांडलेले होते. त्यावर पाय घसरला आणि डाव्या भुवईचा बाहेरचा भाग बाकाच्या कोपऱ्यावर आपटला. कोणीही ढकलले नव्हते. बाई त्या वेळी फळ्याजवळ होत्या आणि त्यांनी त्याला पडताना पाहिले. तो लगेच रडला, शुद्ध हरपली नाही, उलटी झाली नाही. नाव, वार, वर्ग विचारल्यावर उत्तरे बरोबर दिली.

शाळेत काय केले: जखम साधारण १ सेंटिमीटर लांबीची आणि वरवरची आहे. निर्जंतुक गॉज १० मिनिटे न उचलता दाबून धरल्यावर रक्त थांबले. मग स्वच्छ पाण्याने धुऊन कडा जुळवल्या आणि दोन चिकटपट्ट्या आडव्या लावल्या. रुमालात गुंडाळलेला थंड पॅक १० मिनिटे बाजूला धरला. कोणतेही औषध पोटात दिलेले नाही. त्यानंतर आजारी खोलीत तासभर बसवून ठेवले. त्याने थोडा डबाही खाल्ला.

आज आणि उद्या घरी: जखम लहान असली तरी मार डोक्याला आहे, म्हणून ४८ तास लक्ष ठेवायचे आहे. पुढीलपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता थेट रुग्णालयात न्या: एकापेक्षा जास्त वेळा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही नीट जागे न होणे, बोलणे अडखळणे किंवा गोंधळलेले वाटणे, दोन्ही बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव किंवा रक्त, झटका येणे, चालताना तोल जाणे. तेव्हा हे पत्र सोबत न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न कधी आणि कसे लागले हाच असतो.

रात्री झोपू द्यावे. डोक्याला मार लागल्यावर मुलाला रात्रभर जागे ठेवावे लागते असा समज आहे, पण तशी गरज नाही. फक्त एक-दोनदा हलवून पाहा की तो ओळखीने बोलतो.

उद्या सकाळी पापणी सुजलेली आणि निळसर दिसू शकते. कपाळावर साचलेले रक्त खाली डोळ्याभोवती उतरते, म्हणून असे होते. डोळा उघडता येत असेल आणि नीट दिसत असेल तर घाबरू नये. दुखत असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

चिकटपट्ट्या २४ तास कोरड्या ठेवा. आंघोळीत डोके भिजवू नका. त्या स्वतःहून सुटू द्या. ओढल्या तर जुळलेली कड पुन्हा उघडते. हळद, टूथपेस्ट, पावडर काही लावू नका, कारण त्यात घाण अडकते आणि जखमेतला बदल दिसत नाही. कडा अजूनही उघड्या वाटल्या तर आजच डॉक्टरांना दाखवा, कारण टाके घालायचे असतील तर लवकर घातलेले बरे. लालसरपणा पसरला, पू आला किंवा ताप आला तरीही दाखवा. धनुर्वाताच्या लशीसाठी लसीकरण कार्ड पाहा. शेवटचा डोस कधीचा आहे हे डॉक्टरांना सांगा.

शाळेत परतणे: बरे वाटत असेल तर उद्याही पाठवता येईल. डोके जड वाटत असेल तर एक दिवस घरी ठेवा, अभ्यासाचे आम्ही पाहू. एक आठवडा मैदानी खेळ, सायकल आणि पोहणे बंद. खेळाच्या शिक्षकांना कळवले आहे.

आमच्याकडून: जमीन ओली होती आणि ती वेळेवर पुसली गेली नाही, ही आमची चूक आहे. आजपासून चित्रकलेचे पाणी प्रत्येक रांगेत शिक्षक नेऊन देतील. मुले मग घेऊन फिरणार नाहीत. फरशी पुसण्याचे फडके वर्गातच राहील. बाकांच्या उघड्या कोपऱ्यांना रबरी टोप्या शुक्रवारपर्यंत बसवू. घटनेची नोंद अपघात नोंदवहीत केली आहे, आपण केव्हाही येऊन पाहू शकता.

उद्या सकाळी ९ वाजता वर्गशिक्षिका आपल्याला फोन करतील. रात्री तो कसा झोपला, एवढे त्यांना जरूर सांगा. उपचाराचा खर्च झाला तर पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी सात दिवसांत कार्यालयात द्यावी. सोबतची पोच सही करून उद्या पाठवावी.

आपल्या,
वर्गशिक्षिका, इयत्ता पाचवी 'ब'
मुख्याध्यापिका