विषय: रद्द विमानाचे ११,६४० रुपये अजून मिळाले नाहीत

महोदय,

३ मेचे कोल्हापूर–बेंगळुरू विमान कंपनीने स्वतःच रद्द केले. आईची आणि माझी अशी दोन तिकिटे होती, पैसे तुमच्या अ‍ॅपवर यूपीआयने भरले. आईची तपासणी चुकू नये म्हणून ७१ वर्षांच्या बाईला रात्रभर बसने न्यावे लागले. ते जाऊ द्या, पण पैशांचे काय?

तुमच्या अ‍ॅपवर अजूनही 'Refund pending with airline' दिसते. विमान कंपनीचा ईमेल मात्र सांगतो की, रक्कम १२ मे रोजीच तुमच्या एजंट खात्यात जमा केली. तो ईमेल सोबत जोडला आहे. तुम्ही त्यांच्याकडे बोट दाखवता, ते तुमच्याकडे. माझे पैसे तुम्ही घेतलेत, तेव्हा तुमच्या दोघांतला हिशेब मी का सोडवायचा?

त्या तारखेची नोंद तपासा आणि सात दिवसांत पूर्ण रक्कम मूळ बँक खात्यातच परत करा. वॉलेट किंवा कूपन नको. रक्कम मिळालीच नाही असे म्हणणे असेल, तर तसे लेखी द्या. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तुम्हा दोघांनाही प्रतिवादी करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते.

बुकिंगच्याच ईमेलवरून लिहीत आहे.

आपला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर