चेंबर 3 मध्ये खराब झालेल्या बटाट्याबाबत तक्रार

दि. 14 जुलै 2025

प्रति,
मालक, शीतगृह, कामठी रोड, नागपूर

विषय : लॉट क्र. 214, बटाटा 160 कट्टे, नुकसानभरपाई मिळणेबाबत.

शेठजी, नमस्कार.

6 मार्चला मी 50 किलोचे 160 कट्टे तुमच्याकडे ठेवले. कट्ट्यामागे 130 रुपये भाडं ठरलं, त्यातले 10,400 रुपये आगाऊ दिले. पावती जवळ आहे.

10 जुलैला माल काढला, तर चेंबरच्या दारातच कुजका वास. हमालांनी निवडल्यावर 55 कट्टे चांगले निघाले. 47 कट्ट्यांत बोटभर कोंब, आणि 58 कट्टे पाणी सुटून पार सडलेले.

तुमचे मॅनेजर म्हणतात, "माल ओला आणला होता." वावरातून काढल्यावर दहा दिवस सावलीत ढीग घालून, साल पक्की होऊ देऊन, निवडूनच मी माल आणला. तुमच्याच पावतीवर "माल सुका, चांगला" असा शेरा आहे. चुलतभावाने याच वावरातला, त्याच दिवशी काढलेला माल दुसऱ्या कोल्ड स्टोरेजात ठेवला. त्याला कोंबही नाही.

खरं कारण मी 24 मेला डोळ्यांनी पाहिलं. चेंबरचा काटा 11 अंशांवर होता. ऑपरेटर म्हणाला, कॉम्प्रेसर तीन दिवस बंद, मिस्त्री येतोय. भिंतीवरच्या रजिस्टरात मात्र तिन्ही दिवस 4 अंश लिहिलेले! दोन्हींचे फोटो मोबाईलमध्ये आहेत. नागपूरचा मे महिना काय असतो हे तुम्हाला मी सांगावं का? दुसऱ्या दिवशी गेलो तर मशीन जोरात चालवून चेंबर एका रात्रीत खाली आणलेलं, आणि कट्ट्यांना घाम फुटलेला. बारदान हाताला ओलं लागत होतं. आधी गरम, मग वरून पाणी; बटाटा सडणारच. तेव्हाच मला फोन केला असता तर पंखे लावून माल सुकवला असता, नाहीतर उचलून विकला असता. मशीन बिघडते, तो राग नाही. लपवलं, त्याचा आहे.

चांगला माल कळमन्यात 18 रुपये किलोने गेला, कोंबवाला 7 ने. सडलेल्या 2,900 किलोचे 52,200 आणि कोंबाच्या 2,350 किलोवर 11 रुपयांप्रमाणे 25,850, असे 78,050 रुपये झाले. वजनातली नेहमीची घट तुम्ही हिशेबात धरा, माझी ना नाही. आगाऊ भाडंही परत हवं, आणि मे महिन्याच्या तापमान रजिस्टरची व जनरेटरच्या नोंदींची प्रत द्या.

31 जुलैपर्यंत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. नऊ वर्षं माल तुमच्याकडेच ठेवला, म्हणून आधी हे पत्र.

सडलेले 58 कट्टे तुमच्या आवारात मागच्या शेडजवळ आहेत. दोघांच्या साक्षीने पंचनामा होईपर्यंत ते फेकू नका. वास सहन होत नसेल तर उद्याच बोलवा, मी येतो.

आपला,
लॉट क्र. 214 चा शेतकरी
ता. कळमेश्वर, जि. नागपूर

सोबत : पावतीची झेरॉक्स, 24 मेचे दोन फोटो, कळमन्याची विक्रीपट्टी