इयत्ता सातवीच्या पालकांना पत्र : प्रकल्पाधारित मूल्यमापन आणि श्रेणी

पुणे, २३ जून २०२५

प्रिय पालक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षीच्या प्रकल्प प्रदर्शनात पर्जन्यजल संधारणाची अकरा मॉडेलं होती. अकरांपैकी सात अगदी सारखी : तेच हिरवं कापड, त्याच निळ्या नळ्या, तेच कौलारू घर. अप्पा बळवंत चौकात तयार मिळतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. एका मुलाला विचारलं, "छतावरचं पाणी या नळीत कुठून येतं रे?" त्यानं शांतपणे सांगितलं, "मॅडम, ते बाबांना विचारायला लागेल."

दोष मुलाचा नव्हता, बाबांचाही नव्हता. प्रकल्पाला आम्ही ५ गुण ठेवले होते आणि ते पाहून दिले जात होते, विचारून नाही. म्हणून या वर्षी सातवीसाठी पद्धत बदलत आहोत. काय बदलतंय आणि श्रेणी कशी ठरणार, ते नीट कळावं म्हणून हे पत्र.

आधी न बदलणारी गोष्ट. सातवीला प्रत्येक सत्रात प्रत्येक विषयाचे १०० गुण असतात : ४० आकारिक आणि ६० संकलित. संकलितमध्ये ५० लेखी, १० तोंडी आणि प्रात्यक्षिक. ही विभागणी २०१० पासून चालत आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची आहे. तिला आम्ही हात लावलेला नाही. प्रकल्प हे आकारिकच्या साधनांपैकीच एक आहे, निरीक्षण, तोंडीकाम, चाचणी, स्वाध्याय यांच्या जोडीचं. बदल आहे तो फक्त त्या ४० गुणांच्या आत, आणि तोही सामान्य विज्ञान, गणित आणि भूगोल या तीन विषयांपुरता. भाषा आणि इतिहासाचं सगळं पूर्वीसारखंच.

या तीन विषयांत आता ४० पैकी २० गुण प्रकल्पाला, १० घटक चाचणीला, ५ स्वाध्यायाला आणि ५ वर्गातल्या तोंडीकामाला. तिन्ही विषयांना मिळून सत्रात एकच प्रकल्प असेल. गुण मात्र तिन्ही शिक्षक आपापल्या विषयाच्या नजरेनं स्वतंत्र देतील. (शिक्षक खोलीत यावर बरीच कुरकुर झाली, काम वाढणार आहे, हे खरंच आहे.)

पहिल्या सत्राचा विषय आहे 'आमच्या घरचं पाणी'. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची नावं आपण पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात वाचतो. ते पाणी आपल्या घरात किती येतं, कशाला लागतं, वाया कुठे जातं, हे मुलं सलग सात दिवस मोजतील, आलेख काढतील, धरणापासून नळापर्यंतचा नकाशा करतील. कात्रजच्या तलावातून पेशवाईत शहरातल्या हौदांपर्यंत पाणी कसं आणलं होतं, ते वर्गात सांगू. घरात आजी-आजोबा असतील तर पूर्वी पाणी कुठून भरायचे, हे मुलांनी त्यांना विचारायचं आहे. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर कुणाला आठवत असेल, तर तेही लिहून आणायचं.

आता त्या २० गुणांचा हिशेब. रोजच्या नोंदवहीला ६. माहिती कुठून आणली आणि ती पडताळून पाहिली का, याला ५. वर्गासमोर सांगणं आणि प्रश्नांना उत्तरं देणं, ५. गटात स्वतः काय केलं, याला ४. सजावटीला शून्य. झगमगत्या कागदाला आणि थर्माकोलला तर घरीच ठेवा.

नोंदवहीला सगळ्यांत जास्त गुण का, हे एका उदाहरणानं सांगते. गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात एका तुकडीत आम्ही हे करून पाहिलं. एका मुलानं चार दिवस बादल्या मोजल्या आणि बादली २० लिटरची धरून आकडे लिहिले. पाचव्या दिवशी त्याला शंका आली. त्यानं लिटरच्या बाटलीनं बादली भरून पाहिली, तर ती १६ लिटरची निघाली. आधीचे चारही आकडे त्यानं एका रेषेनं खोडले, शेजारी नवे लिहिले आणि खाली टीप दिली, 'बादली चुकीची मोजली होती.' ते पान दिसायला अगदी गचाळ आहे. त्याला नोंदवहीचे ६ पैकी ६ मिळाले. त्याच तुकडीत एका मुलीनं लिहिलं होतं, 'मंगळवार. पाणी आलं नाही. टाकीतलं वापरलं, ते मोजायचं राहिलं.' तिचाही गुण कापला नाही. सातही दिवस एकसारखा १८० लिटरचा आकडा लिहिणाऱ्या वहीला मात्र २ मिळाले.

गटात चार मुलं असतील. गट शिक्षक पाडतील. 'माझ्या मुलानं सगळं केलं आणि बाकीच्यांना फुकट गुण मिळाले' ही तक्रार आम्ही दरवर्षी ऐकतो आणि ती बहुतेक वेळा खरी असते. म्हणून गटाला म्हणून गुण नाहीत. प्रत्येकाची नोंदवही वेगळी, तोंडी प्रश्न वेगळे.

श्रेणीचा तक्ता तोच आहे. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, आणि पुढे तसंच खाली. समजा, एका मुलीला विज्ञानात प्रकल्पाचे १६, चाचणीचे ६, स्वाध्यायाचे ४, तोंडीचे ४ मिळाले, म्हणजे आकारिक ३०. संकलितमध्ये ६० पैकी ४१. एकूण ७१, श्रेणी ब-१. तिच्या शेजारच्या मुलाला चाचणीत ९ पडले, स्वाध्याय आणि तोंडी तेवढेच, पण प्रकल्प बाहेरून करून आणल्यामुळे ८. आकारिक २५. संकलितमध्ये तिच्यापेक्षा दोन गुण जास्त, ४३. एकूण ६८, श्रेणी ब-२. असं होऊ शकतं, हे आत्ताच सांगून ठेवते.

लेखी परीक्षेचं काय, असं काही जणांनी फाटकापाशी विचारलं. लेखीचे ५० गुण जागेवरच आहेत आणि पुढच्या वर्षी आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, तेव्हा अभ्यास सुटणार नाही याची काळजी आम्हालाही आहे. प्रकल्पाचं बहुतेक काम शाळेच्या वेळेतच, आठवड्याला दोन तासिकांत होईल. मूल आजारी पडलं तर मोजणीचे दिवस पुढे ढकलता येतील. गुण कमी वाटले तर नोंदवही घेऊन या. कशाला किती दिले, हे शिक्षक पान उलटून दाखवतील. मूल्यमापनानंतर आठ दिवसांत एकदा सुधारणा करून पुन्हा सादर करता येईल.

तुमच्याकडून दोनच अपेक्षा. मोजायला बादली आणि बाटली द्या, आणि आकडे मुलालाच लिहू द्या. अक्षर वाईट आलं तरी चालेल. खर्च काहीही नाही. नोंदवही शाळा देईल.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू होईल आणि दिवाळीच्या सुट्टीआधी सादरीकरण होईल. गेल्या वर्षीच्या काही नोंदवह्या पाहायला ठेवल्या आहेत. शनिवार, २८ जून रोजी सायंकाळी ५ वाजता शाळेच्या सभागृहात या. नोकरीमुळे जमत नसेल तर घरातलं कुणीही मोठं माणूस आलं तरी चालेल. पत्र वाचल्याची सही मुलाच्या दैनंदिनीत गुरुवारपर्यंत करून पाठवावी.

आपली,
मुख्याध्यापिका