रॅकच्या बिलाचा वाद: कोण काय म्हणालं, कोणी काय कबूल केलं (१० जून २०२५)

काका,

गुरुवारी, १२ तारखेला, त्यांच्या ऑफिसात बसायच्या आधी हे वाचून घ्या. दादालाही पाठवतेय. गोवंडीच्या गोदामातल्या रॅकवरचे सगळे मेल पहिल्यापासून वाचून काढले. ते दोन वेगवेगळ्या विषयांखाली पसरलेत. गोंधळ तिथूनच सुरू झालाय: त्यांच्याच प्रोजेक्टवाल्या साहेबांनी आपल्याला जे कबूल केलं, ते त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडमना कधी दिसलेलंच नाही.

आधी आकडे. ४८ रॅक, नगाला ९,५००, म्हणजे ४,५६,०००. वाहतूक आणि फिटिंग ३८,०००. जादा फळ्या ९६, प्रत्येकी ६५०, म्हणजे ६२,४००. वर १८ टक्के जीएसटी १,००,१५२. एकूण बिल ६,५६,५५२. ॲडव्हान्स २,००,००० आला, बाकी ४,५६,५५२. त्यांनी आजवर ज्या ज्या रकमेवर बोट ठेवलं, त्या सगळ्यांची बेरीज जीएसटी धरून १,३८,२३२ होते. उरलेल्या ३,१८,३२० रुपयांबद्दल कोणाचीच तक्रार नाही. ते द्यायचं त्यांनी दोनदा लेखी कबूल केलंय आणि दोन्ही वेळा दिलेले नाहीत. माझ्या मते बोलणं इथूनच सुरू करावं, फळ्यांवरून नव्हे.

आता क्रमाने.

३ फेब्रुवारी: पीओ आली. डिलिव्हरी २२ फेब्रुवारीपर्यंत, माल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे, उशीर झाल्यास आठवड्याला २ टक्के कपात. पीओत जादा फळ्यांचा उल्लेख नाही.

२० फेब्रुवारी: प्रोजेक्टवाल्या साहेबांचा मेल, "फ्लोअरिंगचं काम चालू आहे, ५ मार्चनंतर गाडी पाठवा." दादाने त्याच दिवशी "ठीक आहे" कळवलं. हा मेल वेगळ्या विषयाखाली आहे, अकाउंट्स सीसीत नाही.

२७ फेब्रुवारी ते १ मार्च: तेच साहेब लिहितात, फोनवर बोलल्याप्रमाणे प्रत्येक रॅकला दोन फळ्या जादा लागतील, दर कळवा. दुसऱ्या दिवशी आपण ६५० कळवला. १ तारखेला उत्तर: "ओके, काम सुरू करा. पीओ अमेंड करून पाठवतो." ती सुधारित पीओ आजतागायत आलेली नाही, आणि आपणही पुन्हा मागितलेली नाही.

७ आणि ८ मार्च: माल पोचला, फिटिंग झालं. चलनावर ४८ नग, त्यांच्या स्टोअरकीपरची सही-शिक्का. या चलनाबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

१० मार्च: बिल मेलने गेलं. पुढचे तीन आठवडे त्यांच्याकडून एक ओळ नाही.

२ एप्रिल: अकाउंट्सच्या मॅडम पहिल्यांदा लिहितात. दावा असा: बिल पीओपेक्षा जास्त आहे, आणि चार रॅकचे पाय वाकलेले आहेत, म्हणून बिल होल्डवर. फळ्यांचे ७३,६३२ आणि चार रॅकचे ४४,८४० अडले ते इथे. ३ तारखेला दादाने "आमच्याकडे मंजुरीचा मेल आहे" असं उत्तर दिलं, पण तो मेल जोडला नाही.

११ एप्रिल: मॅडमचं पहिलं वचन. वाद नसलेली रक्कम ३० एप्रिलच्या पेमेंटमध्ये सोडू. सुटली नाही. ६ मे रोजी मी आठवण केली.

९ मे: त्यांचे अकाउंट्सचे मोठे साहेब पहिल्यांदाच मध्ये आले. एकाच मेलमध्ये तीन गोष्टी आहेत. एक, नवा दावा: दोन आठवडे उशीर, म्हणून १९,७६० कपात. दोन, चलनाचं स्कॅन. तीन, दुसरं वचन: वादाबाहेरचे पैसे ३१ मेपर्यंत. तेही आले नाहीत.

१२ मे: आपलं वचन. दादाने लिहिलं की चार रॅक आठ दिवसांत बदलून देतो. २१ मे रोजी टेम्पो गेला, गेटपास नसल्यामुळे सिक्युरिटीने परत पाठवला. टेम्पोच्या भाड्याची पावती फाइलला आहे, पण आपण हे त्यांना मेलने कळवलेलंच नाही. कागदावर आजही दिसतं ते एवढंच, की आपण शब्द दिला आणि रॅक बदलले नाहीत. बैठकीआधी, म्हणजे उद्याच, दादाने पावती जोडून एक मेल टाकावा आणि गेटपास मागावा.

५ जून: प्रोजेक्टवाले साहेब कंपनी सोडून गेले. त्यांच्या जागी आलेले म्हणतात, जादा फळ्यांची आमच्याकडे नोंद नाही.

आता चलन. आपल्या कार्बन कॉपीवर फक्त सही आणि शिक्का आहे. त्यांच्या स्कॅनवर शिक्क्याच्या खाली "४ नगांचे पाय वाकलेले, बदलून द्यावेत" अशी ओळ आहे; सही निळ्या शाईची, ही ओळ काळ्या शाईची. ती कधी लिहिली हे मी सांगू शकत नाही आणि कोणावर आरोपही करत नाही. पण तारीख महत्त्वाची आहे. आपण उद्यम नोंदणी असलेलं लघुउद्योग युनिट आहोत. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. तसं असेल तर ३० दिवस ७ एप्रिललाच संपले, आणि त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ती ओळ ८ मार्चचीच असेल, तर आपण हरकत दूर करू त्या दिवसापासून मुदत मोजली जाईल, असं ते म्हणू शकतात. म्हणून मूळ चलन बघायला मागा, शांतपणे.

उशिराच्या कपातीला त्यांचाच २० फेब्रुवारीचा मेल पुरेसं उत्तर आहे. फळ्यांना १ मार्चचा. साहेब गेले म्हणून कंपनीच्या मेल आयडीवरून दिलेली मंजुरी जात नाही.

चार रॅकबद्दल मात्र आपण ताणू नये. बदलून द्यावेत, ४४,८४० मोकळे करून घ्यावेत. त्यांना बदलून नकोच असतील तर क्रेडिट नोट देता येईल. गेल्या आर्थिक वर्षाचं बिल असल्याने जीएसटीत ती ३० नोव्हेंबरपर्यंत बसते.

दादा म्हणत होता की आयकराच्या ४३बी(एच)ची आठवण करून द्यावी. नको. रॅक त्यांनी मालमत्ता म्हणून चढवले असणार, खर्च म्हणून नाही, त्यामुळे तो मुद्दा त्यांचे सीए लगेच खोडतील. जीएसटीचा मुद्दा खरा आहे: बिलापासून १८० दिवस, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेपुरतं क्रेडिट त्यांना उलटवावं लागेल. आपण तर तो कर एप्रिलमध्येच खिशातून भरलाय, आणि त्या महिन्यात कारागिरांचे पगार दोन हप्त्यांत झाले, हे तुम्हाला माहीत आहे.

फाइलमध्ये हिरव्या फ्लॅगखाली २० फेब्रुवारी आणि १ मार्चचे मेल, पिवळ्याखाली ११ एप्रिल आणि ९ मेची वचनं लावली आहेत. प्रत्येकी तीन प्रती आहेत, मॅडमच्या हातात एक द्या. तिसरी तारीख तोंडी घेऊ नका. बैठक संपायच्या आत त्यांच्याकडून ३,१८,३२० आणि तारीख लिहिलेला मेल ऑफिसच्या आयडीवर येऊ दे. मी तो बघत बसलेली असेन, आला की तुम्हाला फोन करते.